करडू थांबते, घर थांबत नाही

धार जिल्ह्याच्या पश्चिमेकडे कुक्षी, डही, बाग, गंधवानी या भागांत दिवाळीनंतर गावे अर्धी रिकामी होतात. पुरुष मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत जातात. कोणी सुरतेच्या बांधकामावर, कोणी सौराष्ट्रात दुसऱ्याच्या शेतावर भागिया म्हणून. होळीच्या आधी भगोरियाच्या हाटांना त्यातले बरेचसे परततात, पुन्हा जातात, आणि पहिल्या पावसाला पेरणीसाठी घरी येतात. काही घरांतून सगळे कुटुंबच निघते. काही घरांत मात्र म्हातारे सासू-सासरे, शाळेतली मुले, दोन बैल आणि थोडी जमीन मागे ठेवावी लागते, आणि ती सांभाळायला घरातली बाई मागे राहते. वर्षातले सात-आठ महिने तीच घरची कर्ती असते. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, विंध्याच्या उतारावर बागली तालुक्यातही असेच चालते. मराठी वाचकाला देवास म्हटले की माताजीची टेकडी आणि कुमार गंधर्वांचे घर आठवते. बागली त्या टेकडीहून फार लांब नाही, पण तिथले वर्ष निराळेच असते.

मागे राहिलेल्या या बाईने कमवावे काय, या प्रश्नाला मासिके, सरकारी पुस्तिका आणि बचत गटांची शिबिरे एकच यादी पुढे करतात: पापड, लोणची, शिवणकाम, अगरबत्ती, आणि अलीकडे कडकनाथ कोंबडी. अशी यादी करणाऱ्याने या बाईचा दिवस पाहिलेला नसतो. तिच्याकडे वेळ असतो, पण तुकड्यातुकड्यांत, आणि कुठला तुकडा कधी मोडेल हे सासऱ्याचा खोकला किंवा विहिरीची मोटर ठरवते. तिला गाव सोडता येत नाही. भांडवल तिच्या हातात नसते. नवऱ्याने पाठवलेला पैसा कधी दोन महिन्यांनी एकदम येतो, कधी उचल फिटेपर्यंत येतच नाही. जो धंदा रोज ठरल्या वेळी बसायला लावतो, बाजारात फिरायला लावतो किंवा आधी मोठी रक्कम मागतो, तो तिच्यासाठी धंदा नव्हेच. यादीतले बहुतेक प्रकार इथेच गळतात.

कडकनाथचे उदाहरण थोडे उलगडण्यासारखे आहे, कारण हा पक्षी याच भागातला आहे. शेजारच्या झाबुआ जिल्ह्याला 2018 साली कडकनाथच्या मांसासाठी भौगोलिक मानांकन मिळाले. काळे मांस, काळी हाडे, चढा भाव, यांमुळे पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तो घरबसल्या श्रीमंतीचा पक्षी ठरला. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने पिल्ले विकायची, अंडी-पक्षी चढ्या दराने परत घ्यायचे, अशी योजना चालवली आणि 2019 मध्ये ती कोसळली. ती का कोसळली हे समजायला फसवणुकीचा खटला वाचावा लागत नाही. परत घेतलेली अंडी कोणाच्या ताटात जात नव्हती. त्यांतून निघालेली पिल्ले नव्या गुंतवणूकदारांना विकली जात होती. नवा माणूस येईपर्यंतच भाव टिकणार होता. दुसरी अडचण साधी आहे आणि भिल्ल घरातल्या कोणत्याही आजीला ती ठाऊक असते: कडकनाथ मादी सहसा खुडूक बसत नाही. तिची अंडी गावठी कोंबडीखाली उबवावी लागतात. म्हणून या भागातल्या घरांत कडकनाथ होता तो आठ-दहा कोंबड्यांच्या परसात, पाहुणा आला की कापायला आणि हाटात दोन विकायला. तिथे तो चांगलाच आहे. त्याची कंपनी झाली की त्याला आधार राहत नाही.

पापड आणि शिवणकामाचा हिशेब इतका सरळ नाही. त्यासाठी मारिया मीस यांच्याकडे जावे लागते. या जर्मन समाजशास्त्रज्ञ 1960च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या, आणि पुढे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याच्या भिल्लांच्या चळवळीवरही त्यांनी लिहिले. मराठीत मात्र त्यांचे नाव स्त्री-अभ्यासाच्या वर्गाबाहेर फारसे गेले नाही, ही उपेक्षा मुळीच योग्य नाही. त्यांचे 1982चे पुस्तक आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांबद्दल आहे. तिथे मिशनरी बायकांनी शिकवलेली क्रोशाची कला घराघरात गेली होती आणि त्या लेसचा माल परदेशी जात होता. मीस यांना तिथे असे दिसले की बाया दिवसाचे सहा-आठ तास विणतात, पण त्या कामगार गणल्या जात नाहीत. त्या ‘गृहिणी’ असतात आणि विणणे हा त्यांचा ‘फावला वेळ’. हा फावला वेळच निर्यातदाराच्या नफ्याचा मूळ स्रोत होता. फावल्या वेळाला किमान वेतन लागत नाही, आजारपणाची रजा लागत नाही, छप्परही लागत नाही. ते बाईच्या घरचेच असते. बाई घराबाहेर पडत नाही म्हणून तिची इज्जत वाढते, आणि त्याच इज्जतीपायी तिला दुसऱ्या व्यापाऱ्याचा भाव कधी कळत नाही. माल घेऊन फिरणारे आणि पुढे व्यापारी झालेले, दोघेही पुरुष. या सगळ्या रीतीला मीस यांनी जे नाव दिले त्याचे मराठीत ‘गृहिणीकरण’ असे करता येईल. शब्द कानाला गोड नाही, पण ज्याला हे नाव दिले आहे तेही गोड नाही.

मीस यांच्यावर नेहमीचा आक्षेप असा की त्या बाईला फक्त बळी करतात. दोन पैसे मिळाले तर तिचे काय वाईट झाले? आक्षेप अगदीच फोल नाही. पण नगावर मिळणाऱ्या मजुरीच्या शिवणकामाचा हिशेब मांडला की तो दुबळा पडतो. दोरा तिचा, यंत्राचे तेल आणि सुई तिची, विजेचे बिल तिचे, आणि ज्या तुकड्यात शिलाई वाकडी गेली त्याचे पैसे कापले जातात तेही तिच्याच वाट्याचे. कपडा आणून देणारा आठवडाभर आलाच नाही तर तो आठवडा तिचा. या सगळ्या जोखमी तिच्या आणि दर दुसऱ्याने ठरवलेला, यालाच मीस गृहिणीकरण म्हणतात.

तरी सुई-दोऱ्याचाच दोष असतो असे म्हणून चालणार नाही. लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केली. तिथेही पीठ घरी न्यायचे, पापड लाटून परत आणायचे, हीच रीत होती. फरक इतकाच की लाटणारी बाई त्या संस्थेची मालकीणही होती आणि पिठाच्या वजनाचा व पापडाच्या वजनाचा हिशेब तिच्यासमोर होत असे. बागलीत 1990 पासून काम करणाऱ्या समाज प्रगती सहयोग संस्थेतून उभ्या राहिलेल्या ‘कुंबाया’ या शिवणकेंद्रातही गावातल्या बायका घरी न बसता एका छपराखाली येऊन शिवतात. एकत्र बसल्यामुळे भाव आपोआप एकमेकींना कळतो. पण केंद्राला ठरल्या वेळी यावे लागते. ज्या घरात दुसरी कर्ती बाई आहे तिथे हे जमते. बाई एकटी असेल तर बरेचदा जमत नाही.

अशा एकट्या बाईकडे या भागात बहुधा शेळी असतेच. कोणत्या यादीने सांगितले म्हणून ती तिथे आलेली नाही. शेळीचे काम तुकड्यातुकड्यांत होते. ती गवतापेक्षा झुडपांवर जगते, म्हणून पडीक जमीन पुरते. ती पाच महिन्यांत विते, आणि अडीनडीला हाटाच्या दिवशी तिचे पैसे होतात. शेळीपालनाचे सल्ले मात्र शंभर शेळ्यांच्या गोठ्याचे असतात. त्यांचा चार शेळ्यांच्या घराला उपयोग नाही, म्हणून हिशेब चार शेळ्यांचाच करायला हवा.

समजा, घरात चार जुन्या शेळ्या आहेत. गावठी शेळी साधारण दोन वर्षांत तीनदा विते, म्हणजे चौघींची मिळून वर्षाला सहा वेते. काही एकुलती, काही जुळी, असे धरून आठ करडे. हिशेबाच्या सोयीसाठी जिवंत वजनाचा भाव किलोला 300 रुपये धरू. जिथे काही काळजी घेतली जात नाही तिथे आठांतली तीन मरतात, एक पाट घरी ठेवली जाते, आणि उरलेली चार पाचेक महिन्यांची असताना दारी आलेल्या व्यापाऱ्याला जातात. तो अंदाजाने उचलून पाहतो आणि एकेकाचे अडीच हजार देतो. वर्षाचे झाले दहा हजार.

व्यापाऱ्याने अडीच हजारांना नेलेले ते करडू तोलले असते तर 11 किलोच्या आसपास भरले असते, म्हणजे 3,300 रुपये. चार करडांमागे 3,200 रुपये नुसत्या अंदाजात गेले. झाडाच्या फांदीला टांगायचा स्प्रिंगचा काटा आणि पोटाखालून घ्यायचा जुन्या पोत्याचा पट्टा, तोलायला एवढीच सामग्री लागते. विक्रीच्या आदल्या दिवशी वजन करून पाटीवर लिहून ठेवले तरी व्यापाऱ्याचे बोलणे बदलते. काटा हे या धंद्यातले पहिले हत्यार आहे, असे म्हणायचा मोह इथे होतो. हिशेब पुढे नेल्यावर तो टिकत नाही.

मरतूक तिनांवरून एकावर आणली तर आणखी दोन करडे मिळतात, 6,600 रुपयांची. मरणाची कारणे फार नाहीत. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला नाही तर करडू पुढे कशाशीच झुंजू शकत नाही. चार-पाच दिवस सावरल्यासारखे वाटते आणि मग हगवणीने जाते. नाळ आयोडीनमध्ये बुडवावी. थंडीत करडांना ओल्या जमिनीवरून उचलून लाकडी मचाणावर ठेवावे, नाहीतर फुफ्फुस धरते. पावसाच्या पहिल्या कोवळ्या गवतावर आंत्रविषार येतो. त्याची खूण अशी की रात्री ठणठणीत असलेले, सगळ्यांत धष्टपुष्ट करडू सकाळी मेलेले आढळते, आणि बाई दृष्ट लागली म्हणते. त्याची लस पावसाळ्यापूर्वी द्यायची, पहिल्यांदा दिली तर दोन आठवड्यांनी पुन्हा. एकाच वेळी अनेकांना ताप, डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात फोड आणि हगवण दिसली तर तो पीपीआर. त्याची लस तीन-चार महिन्यांच्या वयानंतर एकदा टोचली की तीन वर्षे पुरते. जंताची खूण डोळ्याच्या खालच्या पापणीत असते: पापणी खाली ओढली की आतला भाग गुलाबीऐवजी पांढुरका दिसतो. ही पापणी दर पंधरवड्याला पाहायला पैसा लागत नाही. लसीसाठी गावातल्या प्रशिक्षित पशुसखीला बोलवायचे. तिचा मोबदला करडाच्या किमतीपुढे क्षुल्लक असतो.

आता आठांतली सात जगतात, एक पाट घरी राहते आणि सहा विकायला निघतात. पाच महिन्यांऐवजी ती दहा महिने ठेवली तर नर-माद्यांची सरासरी 18 किलोपर्यंत जाते, म्हणजे प्रत्येकी सात किलो जास्त. सहांचे 42 किलो, 12,600 रुपये. सगळे जमवले तर आधीचे दहा हजार, काट्याचे 3,200, वाचवलेल्या करडांचे 6,600 आणि थांबण्याचे 12,600, असे 32,400 होतात. लस, औषध, मीठ-खनिजाची वीट आणि थोडा भरडा यांचे दोन-तीन हजार वजा करावेत. पहिल्या वर्षी यातले काही दिसणार नाही, कारण करडे अजून अंगणातच असतील.

या बेरजेत सगळ्यांत मोठा आकडा काट्याचा नाही, औषधाचाही नाही, थांबण्याचा आहे. बाईला वजन कळत नाही, व्यापारी फसवतो, एवढेच खरे असते तर प्रशिक्षण पुरले असते. पण पाच महिन्यांचे करडू विकणारीला ते दहा महिन्यांनी जास्त आणेल हे नीट ठाऊक असते. तरीही ती विकते, कारण मुलाला ताप आलेला असतो, सुरतेहून पैसे आलेले नसतात आणि किराणावाल्याची वही भरलेली असते. वजनकाटा इथे काही करू शकत नाही.

यामुळेच मध्य प्रदेशातल्या लाडली बहना योजनेवरून आणि तिच्या मागोमाग 2024 मध्ये महाराष्ट्रात आलेल्या लाडकी बहीण योजनेवरून जो कलकलाट चालला आहे त्यात दोन्ही बाजूंची मांडणी अपुरी वाटते. एक बाजू म्हणते, ही रेवडी आहे, हिने बाई आळशी होईल. तिला कौशल्य द्या, शिलाई यंत्र द्या. दुसरी बाजू बहिणीचा सन्मान म्हणून टाळ्या वाजवते. मध्य प्रदेशात 10 जून 2023 रोजी पहिले हजार रुपये जमा झाले आणि त्याच वर्षी ते 1,250 झाले. ही रक्कम शेळीच्या हिशेबात घालून पाहावी. वाईट पाच महिन्यांत दोन करडे अवेळी विकून बाई पाच हजार उभे करते. 1,250 च्या त्या दराने त्याच पाच महिन्यांत 6,250 येत. ठरल्या तारखेला, तिच्याच खात्यात येणारी ही लहान रक्कम करडाला थांबू देते. ती नवऱ्याच्या उचलीत अडकत नाही, हेही महत्त्वाचे. आळशीपणाचा आरोप करणाऱ्यांना या घरात आळशी व्हायला लागणारा वेळ कुठे सापडला, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की निवडणूक आणि तिजोरी यांवर अवलंबून असलेल्या रकमेच्या जोरावर दहा महिन्यांचे करडू बांधून ठेवणे धोक्याचे आहे. हप्ता दोन महिने अडला की बाई पुन्हा पहिल्या जागी. बचत गटातले अंतर्गत कर्ज कमी रकमेचे असते आणि त्यावर व्याज पडते, पण ते गावातच ठरते. अडीनडीला दोन-तीन हजार त्याच दिवशी मिळत असतील तर त्याचा परिणामही तोच होतो.

थांबण्याला मर्यादाही आहेत. कार्तिकात जन्मलेले करडू पाच महिन्यांचे होते तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो. चारा नसेल तर मार्च ते जून वजन जागचे हलत नाही आणि थांबणे तोट्याचे ठरते. बाभळीच्या शेंगा याच काळात पिकून पडतात. त्या गोळा करून ठेवलेल्या घरात उन्हाळा निभतो. बोर आणि सुबाभळीचा पाला उरलेली तूट भरतो. ज्या गावात बाभूळ सरपणाला गेली तिथे पाच महिन्यांचीच विक्री शहाणपणाची.

मीस यांचे शस्त्र शेळीवरही चालवायला हवे. नाहीतर त्यांचे नाव घेणे नुसते सजावटीचे ठरेल. शेळ्या चारायला कोण जाते? सात-आठ वर्षांची मुलगी जाते आणि तिची शाळा बुडते. शंभर शेळ्यांचा प्रकल्प अहवाल ही मजुरी शून्य धरतो, अगदी नरसापूरच्या निर्यातदारासारखा. चार घरांनी शेळ्या एकत्र करून पाळीपाळीने चारायच्या, ही जुनी रीत जिथे टिकली आहे तिथे मुलगी सुटते आणि बाईलाही आठवड्यातले चार-पाच दिवस मोकळे मिळतात. पाचसहा शेळ्यांच्या पुढे एकटीने जाऊ नये याचेही कारण हेच आहे.

दुसरा प्रश्न विक्रीचा. बाई वर्षभर शेळी सांभाळते, पण व्यापारी फोन लावतो तो सुरतेला. नवरा तिथून भाव ठरवतो. त्याने जनावर पाहिलेलेही नसते, वजन माहीत नसते, आणि त्याला स्वतःला उचल फेडायची घाई असते. पैसे त्याच्या खात्यात जातात. पाटीवर लिहिलेल्या वजनाचा इथे वेगळाच उपयोग होतो. फोनवर ‘ती म्हणते’ ऐवजी ‘एवढे किलो’ असे सांगता येते, आणि किलोवर नवराही फारसा वाद घालत नाही.

चांगला बोकड सगळ्यांत आधी विकला जातो, यामुळे होणारे नुकसान उशिरा दिसते. वाढीला जोमदार नर लवकर गिऱ्हाईक आणतो, आणि मागे उरलेला खुजा नर गावातल्या शेळ्यांना लागतो. शिवाय तो बहुधा त्यांचाच भाऊ किंवा मुलगा असतो. चार-पाच वर्षांत करडे जन्मतःच लहान होतात आणि दोष चाऱ्याला दिला जातो. दहा-पंधरा घरांनी मिळून एक चांगला बोकड ठेवून दर दीड-दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या बोकडाशी बदलणे हा यावरचा साधा उपाय आहे. तो चुकतो तो खर्चामुळे नाही, बोकड कोणी पोसायचा यावरच्या भांडणामुळे.

बकरी ईदचा चढा भाव सगळ्यांना माहीत असतो, पण तो मिळतो मोजक्यांना, कारण कुर्बानीचा बकरा किमान एक वर्षाचा लागतो आणि ईद दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते. 2027 मध्ये ती मेच्या मध्याला येते. म्हणजे बोकड 2026 च्या मेच्या मध्याआधी जन्मलेला हवा, आणि त्याच्या पाच महिने आधी, म्हणजे 2025 च्या डिसेंबरच्या मध्यापूर्वी, शेळी माजावर येऊन लागलेली हवी. दिवाळीनंतर पुरुष गुजरातेत जातात त्याच सुमारास ही गणना सुरू होते. बारा महिन्यांच्या नराला मागच्या पावसाळ्याच्या ओल्या गोठ्यातून, थंडीतून आणि भर उन्हाळ्यापर्यंत एकटीने न्यायचे असते, आणि मधल्या प्रत्येक अडीनडीला तोच घरातला सगळ्यांत विकाऊ जीव असतो.